राम राम, तात्या : एका कथेच्या कामाच्या नोंदी

११ जून

पुण्याहून येणाऱ्या रात्रीच्या एसटीनं पहाटे पावणेचारला साताऱ्यात सोडलं. पाऊस भुरभुरत होता आणि रिक्षा मिळेना, म्हणून स्टँडसमोरच्या चहाच्या गाडीपाशी आडोशाला उभा राहिलो. मावशींनी नुकतीच ताडपत्री सोडली होती, शेगडी अजून पेटायची होती. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक वयस्क गृहस्थ पेपरांच्या गठ्ठ्यांपुढे बसले होते. गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळलेला. मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "राम राम, तात्या."

तात्यांनी मान वर केली नाही. त्यांचे हात चालले होते तसेच चालत राहिले. मावशीही उत्तरासाठी थांबल्या नाहीत. लायटर घेतला, शेगडी पेटवली, मग गाडीच्या खांबावरच्या विठोबाच्या तसबिरीला उदबत्ती लावली. आधी तात्या, मग विठोबा, हा क्रम माझ्या डोक्यात बसला. दहा मिनिटांनी दोन पेपरवाली पोरं आली, त्यांना राम राम नाही, नुसतं "बसा रे".

दिवाळी अंकाची कथा १५ ऑगस्टपर्यंत द्यायची आहे. विषय सापडत नव्हता, तो आज सापडला. तात्यांना किंवा मावशींना काहीही विचारायचं नाही, हे घरी येता येताच ठरवून टाकलं. त्यांची गोष्ट त्यांच्याकडेच राहू दे. मी फक्त तो पहाटेचा क्रम घेणार, माणसं माझी मी घडवणार.

१३ जून

पहिला खर्डा, चार पानं. कथेतली चहावाली आक्का, पेपरवाले तात्या. तात्या ठार बहिरे, आक्काला ते ठाऊक नाही, ती सात वर्षं राम राम म्हणते आहे आणि शेवटी तिला कळतं.

वाचून पाहिलं आणि फाडलं. रस्त्यावर धंदा करणाऱ्या बाईला रोजचं गिऱ्हाईक बहिरं आहे हे दोन दिवसांत कळतं, सात वर्षं लागत नाहीत. पाठीमागून टेंपोचा हॉर्न वाजतो आणि माणूस दचकत नाही, तेवढ्यानंच कळतं. आक्काला अडाणी ठरवल्याशिवाय ही कथा उभी राहत नाही, आणि ते मला करायचं नाही. आक्काला सगळं ठाऊक असलंच पाहिजे. ठाऊक असूनही ती म्हणते, तेव्हा कुठे लिहिण्यासारखं काही उरतं.

१५ जून, रविवार

मुद्दाम साडेतीनला गेलो. रविवारी पुरवण्या जास्त, त्यामुळे पायरीवरचं काम नीट बघता येतं.

टेंपो येतो, गठ्ठे रस्त्यावर टाकतो. प्लॅस्टिकची पट्टी ब्लेडनं कापायची. मुख्य अंक वेगळा येतो, पुरवण्या वेगळ्या, कारण त्या आधी छापून झालेल्या असतात. डाव्या हातानं अंकाची घडी उघडायची, उजव्या हातानं पुरवणी आत सरकवायची, अंगठ्यानं दाबून पुढचा अंक. पाचपाचाची चळत आडवी-उभी लावत जायची, म्हणजे मोजायला सोपं. वर कुणाची हँडबिलं असली तर तीही घालायची, त्याचे वेगळे पैसे. मग ज्याच्या त्याच्या लाइनीप्रमाणे वाटणी, पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी, आणि सायकली निघतात. शाई ओली असते. अर्ध्या तासात बोटं काळी होतात आणि कपाळावर, नाकावर काळे पट्टे उठतात.

या सगळ्यात डोळे खाली असतात. कुणी राम राम म्हटलं तर हात न थांबवता तोंडानं "राम राम" म्हणता येतं आणि सगळे तेच करतात. मानेनं उत्तर द्यायचं तर काम थांबवून वर बघावं लागतं. ही गोष्ट बारीक आहे, पण कामाची आहे. या पायरीवर उत्तराची रीत तोंडाची आहे.

१९ जून

चहाकडे बघितलं. पहिलं पातेलं मावशी लहानच ठेवतात, लिटरभर दूध आणि अर्धा लिटर पाणी. पाण्यात आधी ठेचलेलं आलं, साखर आणि पावडर. ते खळखळून उकळल्यावरच दूध. मी विचारलं, सगळं एकदम का नाही? "कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं. पहाटे फाटलं तर दुसरं कुठून आणायचं?" आल्यात दूध नासवणारं एक द्रव्य असतं आणि उकळीनं त्याचा जोर जातो. त्या हे कारण सांगत नाहीत, पण क्रम कधी चुकवत नाहीत.

गाळल्यावर पहिला अर्धा कप त्या रस्त्यावर ओततात, धरतीचा म्हणून. दुसरा कप तात्यांचा. तात्या पैसे लगेच देतात, मावशी ते नाणं कपाळाला लावून डब्यात टाकतात. बोहनी उधारीत करायची नाही, हा नियम सगळ्या गाड्यांवर आहे. म्हणजे मावशींच्या दिवसाचा पहिला शब्द, पहिला कप आणि पहिला पैसा तिन्ही त्या एका पायरीशी जोडलेले. शब्द मात्र एकाच बाजूनं जातो.

आज माझ्या लक्षात आलं की तात्यांच्या कपाचं काहीतरी निराळं असतं. त्यांचा चहा गाळून झाल्यावर मावशी दुसऱ्या भांड्यात दोनदा वरून ओततात. बाकी कुणासाठी तसं करत नाहीत. नोंद करून ठेवतो.

२४ जून

तात्यांचं न बोलणं कशामुळे, हे कथेत सांगायचं नसलं तरी मला माहीत पाहिजे. मला माहीत नसेल तर त्यांचे हात, त्यांचा चहा, त्यांचं बसणं सगळंच ढोबळ होईल.

मी अर्धांगवायू ठरवला होता. झटका आला, वाचा गेली, समज शाबूत. दोन प्रसंग लिहूनही झाले. आज ओळखीच्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना ते वाचून दाखवले. त्यांनी पहिल्याच पानावर थांबवलं. म्हणाल्या, झटक्यानं बोलणं तुटलेल्या बऱ्याच माणसांना वाक्य जुळवता येत नाही, हवा तो शब्द सापडत नाही, पण सवयीचं बोलणं टिकून राहतं. एक ते दहा आकडे, शिव्या, देवाचं नाव, भजनाची ओळ, आणि नमस्कार-चमत्कार. "पाणी हवंय" हे सांगता न येणारा माणूस समोरून कुणी "राम राम" म्हटलं की सहज "राम राम" म्हणून जातो. "तुमच्या तात्यांना बाकी काही आलं नसतं तरी नेमकं तेवढं आलं असतं," असं त्या म्हणाल्या. झटका फार मोठा असेल तर तेही जातं, पण मग तो माणूस पहाटे पाचपाचाच्या चळती लावत बसत नाही.

म्हणजे माझी कथा जिथे उभी होती नेमकी तिथेच चूक होती. दोन्ही प्रसंग बाजूला ठेवले. वाईट वाटलं, दुसरा चांगला उतरला होता.

२७ जून

बाईंकडे पुन्हा गेलो. दुसरा पर्याय त्यांनीच सुचवला. घशाचा कॅन्सर आणि स्वरयंत्र पूर्ण काढलेलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण कथेतला सगळा चहा यावर ठरणार आहे.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचं तोंड मानेच्या पुढच्या बाजूला, खळीच्या जागी, कायमचं बाहेर आणतात. तो माणूस त्या छिद्रातून श्वास घेतो, सोडतो, खोकतो. अन्ननलिका आपल्या जागी असते, त्यामुळे जखम भरली की खाणंपिणं तोंडानंच. पण नाक आणि तोंड यांचा फुप्फुसाशी संबंध संपतो. आवाज जातो हे सगळ्यांना कळतं. बाकीचं कुणाच्या ध्यानात येत नाही. नाकातून हवा जात नाही, म्हणून वास जवळजवळ येत नाही. नाक शिंकरता येत नाही. आणि फुंकर मारता येत नाही.

इथे मी लिहायचं थांबवलं. फुंकर! गरम चहा हातात आला की आपण पहिली गोष्ट करतो ती हीच. बाई पुढे म्हणाल्या, भुरकाही मारता येत नाही. भुरका म्हणजे चहाबरोबर हवा आत ओढणं, ती हवा छातीच्या जोरानं येते आणि तीच चहाला जिभेवर पोचेपर्यंत निववते. या माणसाला ओठांनी आणि गालांनी चोखून घोट घेता येतो, पण तो घोट जसा आहे तसा, पूर्ण गरम, आत जातो.

मग पायरीवरच्या त्या दोनदा वरून ओतण्याचा अर्थ मी लावला. खऱ्या तात्यांना काय झालं आहे ते मला माहीत नाही आणि ते शोधणारही नाही. पण माझ्या आक्काच्या हाताला आता काम मिळालं.

२ जुलै

गेले तीन दिवस एकाच प्रश्नावर अडलो होतो. आवाज नसला तरी ओठ आहेत, जीभ आहे. तात्या नुसते ओठ हलवून राम राम का म्हणत नाहीत?

बाईंना फोन केला. त्यांनी मला आरशासमोर बसून श्वास रोखून बोलून बघायला सांगितलं. छातीतली हवा अजिबात न वापरता, तोंडात जी हवा आहे तेवढीच. तासभर तेच केलं. प, त, ट, क, च हे ऐकू येतात. ओठ किंवा जीभ सुटताना बारीक टिचकीसारखा आवाज होतो. "कप" म्हटलं की दोन टिचक्या, समोरच्याला कळेल. "पेपर" म्हटलं की दोन्ही प नीट वाजतात. "चहा"मधला फक्त च. "हो" म्हणता येत नाही, कारण ह म्हणजे नुसता छातीचा श्वास.

मग "राम राम". र, आ, म. तिन्ही घशातल्या आवाजावर उभे. श्वास रोखून म्हटलं तर काहीही होत नाही, तोंड उघडतं आणि मिटतं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एक टिचकीसुद्धा नाही.

म्हणजे तात्या दिवसभर "कप", "पेपर", "पाच" असं काही ना काही पोचवू शकतात. पोचवता येत नाही ते नेमकं तेवढंच, जे आक्का रोज पहिल्यांदा देते. कथेत तात्यांनी सुरुवातीला एकदा प्रयत्न केला असणार. तोंड उघडलं-मिटलं, पलीकडच्या पोरानं ते पाहिलं. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही. हा प्रसंग लिहायचा नाही, पण तो घडून गेला आहे असं धरून बाकीचं लिहायचं.

बाईंनी एक शंका काढली ती योग्य होती. घशाला लावायचं यंत्र मिळतं, अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरेसारखा आवाज काढायला शिकवतात, किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये झडप बसवतात. तात्यांकडे यातलं काहीच का नाही? झडप काही महिन्यांनी बदलावी लागते, त्यासाठी मोठ्या गावच्या खेपा आणि खर्च. शिवाय बोलताना मानेवरचं छिद्र बोटानं बंद करायचं असतं, आणि पेपरवाल्याची बोटं पहाटे शाईनं माखलेली. हे एवढं माझ्यापुरतं पुरेसं आहे. कथेत फक्त बोटांची शाई येईल.

३ जुलै

रात्री एक शेवट सुचला आणि झोप उडाली. आक्काला हे सगळं उमगतं, ती राम राम सोडून देते आणि एका सकाळी म्हणते, "तात्या, कप?" तात्या दोन टिचक्या वाजवतात. उत्तर मिळालं!

सकाळी पुन्हा वाचलं आणि नको वाटलं. यात आक्का तात्यांना जमेल तेवढंच त्यांच्यापुढे ठेवते. लहान मुलाला सोपा प्रश्न विचारावा तसं. राम राम ही बरोबरीच्या माणसाला घातलेली साद आहे, ती त्यांच्या घशाच्या मापानं कापून दिली तर आक्का मोठी होते आणि तात्या लहान. आक्का राम राम सोडणार नाही. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना ती म्हणणार, कारण तात्या अजून राम राम म्हणण्याच्या लायकीचे आहेत. शेवट वहीत राहू दे, कथेत नको.

९ जुलै

दोन लहान निर्णय.

तात्या आधी कोण होते? एका खर्ड्यात मी त्यांना बाजार समितीत लिलाव पुकारणारा केलं होतं. आवाजावर जगलेल्या माणसाचा आवाज गेला, हे फार सोयीचं आहे. वाचकाला आधीच कळतं की लेखकानं मांडून ठेवलंय. काढलं. तात्या पहिल्यापासून पेपरवाले. त्यांचं गिऱ्हाईक अंक दारात पडतो एवढंच जाणतं, आवाज गेल्याचं निम्म्या घरांना कळलंही नसेल.

दुसरं, कथा कुणाच्या नजरेनं? आक्काच्या. पण तिच्या मनात शिरायचं नाही. हात, भांडी आणि ती जे बोलते तेवढंच.

१३ जुलै, रविवार

मुख्य प्रसंग आज उतरला. आक्का गावाला गेली आहे आणि गाडीवर तिचा मुलगा आहे. तो तात्यांना सगळ्यांसारखाच कप देतो.

"तात्यांनी कप घेतला आणि पायरीवर ठेवला. पुढचे पाच अंक झाले. पोरानं फडक्यानं पातेल्याची कड पुसली. तात्यांनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला, परत ठेवला. आणखी पाच. चहावर साय धरायला लागली. 'गार होतोय की तात्या,' पोरगा म्हणाला. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग अंक बाजूला ठेवून त्यांनी रिकामा पेला मागितला, बोटानं. पोराला वाटलं पाणी. त्यानं पाणी भरून दिलं."

पाणी भरून दिलं यापाशी प्रसंग थांबवला. आधी इथे दोन ओळी होत्या, तात्यांना फुंकर घालता येत नाही अशा अर्थाच्या. काढल्या. वाचकानं आतापर्यंत तीन वेळा आक्काला चहा वरून ओतताना पाहिलेलं असणार, आज कुणी ओतत नाही हे त्याला दिसेल. ज्याला दिसणार नाही त्याच्यासाठी ओळी ठेवल्या तर ज्याला दिसलं त्याच्या हातून घोट काढून घेतल्यासारखं होईल.

आल्याचंही एक वाक्य ठेवलं आहे. तात्यांना आल्याचा वास येत नाही, पण जिभेवर आणि घशात झोंबतं ते कळतं. म्हणून आक्का त्यांच्या कपात तळाचा, जास्त उकळलेला चहा घालते. कारण सांगायचं नाही, नुसतं तळाचा.

२१ जुलै

चार दिवस पाऊस थांबला नाही. खिडकीशी बसून लिहिताना मोठी चूक सापडली. तिसऱ्या पानावर तात्या डोक्यावर इरलं घेऊन, मफलर सैल सोडून, भर पावसात लाइनीला निघतात. मानेवर श्वासाचं छिद्र असलेला माणूस तसा निघणार नाही. तिथून पाणी आत गेलं तर सरळ फुप्फुसाच्या वाटेनं जातं. आंघोळसुद्धा जपून करावी लागते. थंड, धुळीची हवाही न गाळता आत जाते, कारण ते काम नाक करायचं आणि नाक आता वाटेत नाही. म्हणूनच मफलर. उन्हाळ्यातही.

बदललं. तात्या पावसात गळ्यापुढे पेपरच्या गठ्ठ्याचं प्लॅस्टिक लावतात, वरून मफलर, पण खालून हवेला वाट ठेवून. आक्का त्यांच्यासाठी ते प्लॅस्टिक गाडीखाली कोरडं ठेवते. हे आधी सुचायला हवं होतं. चूक सापडली नसती तर आक्काचं हे एक काम मला मिळालंच नसतं.

२८ जुलै

शेवट अजून नाही. तीन लिहिले, तिन्ही रद्द. एकात आक्का मरते, एकात तात्या, एकात कुणी तिसरा येऊन सगळं उलगडून सांगतो. तिन्हीत कथेला बाहेरून धक्का द्यावा लागतो.

आज पायरीवर बसलेल्या एका पोराशी सुट्टीवरून बोलणं निघालं. तो म्हणाला, "आम्हाला कसली सुट्टी? वर्षात ठराविक दिवसच. २७ जानेवारी, १६ ऑगस्ट असे." बहुतेक मराठी दैनिकांना १५ ऑगस्टला सुट्टी असते, त्या रात्री छपाई होत नाही, म्हणून १६ला अंक नसतो. टेंपो येत नाही. पायरी रिकामी असते.

घरी येईपर्यंत शेवट झाला होता. १६ ऑगस्टची पहाट. पेपर नाहीत, पोरं नाहीत. आक्का गाडी लावते, कारण एसटीची माणसं येतातच. पायरीकडे बघते.

३० जुलै

शेवटचं पान, सहाव्यांदा लिहिलेलं. आता याला हात लावणार नाही.

"टेंपो यायचा नव्हता. पायरीवर कालच्या पावसाचं पाणी साचलेलं. आक्कानं ताडपत्री सोडली, पातेलं ठेवलं, आलं ठेचलं. लायटर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा शेगडी पेटली तेव्हा सायकलची कडी वाजली.

तात्या उतरले. कॅरिअरवर काही नव्हतं. त्यांनी पायरीवरचं पाणी चपलेनं सारलं आणि नेहमीच्या जागी बसले. हात गुडघ्यांवर. बोटं आज स्वच्छ होती.

'राम राम, तात्या,' आक्का म्हणाली.

तात्या रस्त्याकडे बघत होते.

उकळी आली. तिनं दूध ओतलं. पहिला अर्धा कप रस्त्यावर, दुसरा भांड्यात, भांड्यातून कपात, कपातून भांड्यात. धार लांब धरली होती."

काम नसताना तात्या आले, एवढंच. त्यावर आक्काला काय वाटलं, ते लिहायचं माझ्या हातात नाही, कारण तिच्या मनात शिरायचं नाही असं मीच ठरवलं आहे. तात्या तिच्याकडे बघत नाहीत याचंही कारण दिलेलं नाही.

४ ऑगस्ट

बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं दोन ठिकाणी थांबवलं. एक, "राम राम, तात्या" हे कथेत अकरा वेळा आलं होतं. ती म्हणाली, चौथ्यानंतर ते नुसतं पालुपद होतं, ऐकूच येत नाही. आता पाच वेळा. जिथे काढलं तिथे फक्त "आक्का वळली, म्हणाली" एवढंच. दुसरं, मुलगा पाणी भरून देतो तिथे ती काही बोलली नाही, आणि कपात थोडा चहा उरला होता तो गार करून प्यायली. मी विचारलं नाही.

१० ऑगस्ट

कथा पाठवली. २१०० शब्द.

२ सप्टेंबर

संपादकांचं पत्र आणि मुद्रितं आली. त्यांना कथा आवडली आहे. एक सूचना आहे, शेवटी तात्यांनी निदान मान हलवावी, वाचकाला काही हाती लागेल. त्यांना कळवलं की मान हलवली तर ती इतक्या वर्षांच्या राम रामाची परतफेड होईल आणि १६ ऑगस्टला सायकल घेऊन येणं वाया जाईल. त्यांनी मान्य केलं. फोनवर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, ठीक आहे, तसंच राहू दे.

५ सप्टेंबर

मुद्रितं तपासली. शुद्धलेखनाच्या बारीक चुका. "रामराम" असं जोडून टाकलेलं दोन ठिकाणी सोडवलं.

आणि पान ४, ओळ १९: "तात्यांनी भुरका मारला आणि कप खाली ठेवला." हे वाक्य जूनमधल्या खर्ड्यातलं, अर्धांगवायू असतानाचं. पुढच्या प्रत्येक लेखनात ते तसंच खाली उतरत आलं आणि मी, बायको, बाई, संपादक, कुणालाच दिसलं नाही. उपचार करणाऱ्या बाईंनी तर हे पान दोनदा वाचलं होतं. छापून आलं असतं तर हा त्रास भोगलेल्या एखाद्या वाचकानं तिथेच कथा मिटून ठेवली असती, आणि ते बरोबर झालं असतं.

लाल शाईनं खोडलं. समासात लिहिलं: "तात्यांनी घोट घेतला, तोंडात धरला, मग गिळला."